डिसेंबरचा फरक

आमच्या खाणीत महिन्याची तीन तारीख फार भाव खाऊन होती. त्या दिवशी दुपारी सगळ्या पाळ्यांची मागच्या महिन्याची हजेरी बांधून जीपमधून मोठ्या ऑफिसच्या कॉम्प्युटर सेंटरला जायची. जीप फाटकाबाहेर पडली की महिना संपला. मग कोणी कितीही मोठ्या आवाजात सांगो की माझी रविवारची पाळी राहिली, माझा ओव्हरटाइम चुकला, आमचं उत्तर एकच असे: पुढच्या पगारात फरक म्हणून येईल. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की घरी मुलांनी खाऊ मागितला तरी तेच तोंडात यायचं.

मी मूळची सिंदेवाहीची. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत भात वाढला की लोक आधी वाण ओळखतात, मग जेवायला सुरुवात करतात. तिथून मी राजुऱ्याकडच्या या उघड्या कोळसा खाणीच्या पगार विभागात आले, तेव्हा नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं आणि कॉम्प्युटर नुकताच आला होता. आला होता म्हणजे आमच्याकडे नाही, मोठ्या ऑफिसला. आम्ही फक्त त्याच्यासाठी चौकोनांचे कागद भरायचो. विभागात मी आणि बडेबाबू. बडेबाबू नागपूरचे, मनाने दिलदार, आणि त्यांचा व्हाइटनरवर फार जीव. चूक दिसली की तिच्यावर पांढरा हात फिरवायचा, फुंकर घालायची, वर नवं लिहायचं आणि चहा मागवायचा, असा त्यांचा शिरस्ता. मी लाल शाईची एक रेघ मारून बाजूला सही करायची. जुना आकडाही वाचता आला पाहिजे, असा नियम होता आणि माझा स्वभावही. ते मला त्यावरून ‘ऑडिटबाई’ म्हणत.

तर त्या जानेवारीची गोष्ट. ईद होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. खिडकीशी आमचा एक बदली खलाशी येऊन उभा राहिला. बदली म्हणजे ज्याची स्वतःची जागा नाही; कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी याला घ्यायचं, सगळे आले तर याने घरी जायचं. हा खाणीच्या तळाला पाणी उपसणाऱ्या पंपावर बदली होता; पंप चालवणाऱ्याला आमच्याकडे खलाशी म्हणतात. राजुऱ्याच्या मुस्लिम घरातला, तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. घरी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, ते त्याचे सख्खे भाऊ बघायचे. एरवी हा खिडकीशी आला की आधी विनोद करायचा. त्या दिवशी केला नाही.

“बाई, बदलीची लिस्ट बनून राह्यली म्हणतात. माझे दिवस कमी दाखवून राह्यले.”

त्याची ही लिस्ट काय होती ते सांगते. बदली कामगाराने जानेवारी ते डिसेंबर या एका वर्षात ठरलेल्या हजेऱ्या भरल्या तर त्याला कायम करायचं, असा आमच्याकडे नियम होता. हजेऱ्या त्याच वर्षातल्या हव्यात. आदल्या वर्षी हा थोडक्यात हुकला होता, कारण पावसाळ्यात कावीळ होऊन घरी पडला. नुकत्याच सरलेल्या वर्षी मात्र तो मोजून होता. वर्षअखेरीला आपलं काम झालं, असा त्याचा हिशेब होता. आणि आमच्या कागदावर मात्र डिसेंबरातले त्याचे आठ-दहा दिवस कोरेच होते.

“त्या दिवसांत तू कुठी होतास?” मी विचारलं.

“पंपावर ना! भाऊ धान मळायले गेल्ते. त्यायच्या जागी मीच होतो.”

भाऊ म्हणजे पंपावरचे कायम खलाशी. गडचिरोलीकडचे, वैनगंगेच्या काठच्या गावातले. पन्नाशीचे, जाड मिशीचे, खाणीत नोकरी आणि गावात धान असा दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा राहिलेला माणूस. मळणीच्या दिवसांत ते गावाला जाणार हे खाणीतल्या पाण्यालाही ठाऊक असावं. मी डिसेंबरची शीट काढली. भाऊंच्या नावापुढे महिनाभर हजर, हजर, हजर. मळणीच्या दिवसांतही हजर. त्यांचा पूर्ण पगार दहा तारखेला गेलेला.

झालं होतं असं. आमच्याकडे प्रत्येकाचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला असायचा. कामावर जाताना तो हजेरीच्या खिडकीत द्यायचा, आतला माणूस नंबर बघून हजेरी मांडायचा. तोंड बघायची पद्धत नव्हती. या बदलीचा बिल्ला नेमका नोव्हेंबरात हरवला होता आणि नवा यायचा होता. पाळीच्या फोरमनसाहेबांनी सांगितलं, भाऊंचा बिल्ला खुंटीवर रिकामाच आहे, तो देत जा. मी दुरुस्तीची चिठ्ठी पाठवतो. बदलीने रोज तो बिल्ला दिला. खिडकीतल्याने रोज भाऊंना हजर मांडलं. आणि फोरमनसाहेबांनी चिठ्ठी खरंच लिहिली, सहीसुद्धा केली, डब्याच्या पिशवीत नीट ठेवली, आणि साळ्याच्या लग्नाला निघून गेले. चिठ्ठी वरातीत नाचून, पंगतीत जेवून तीन तारीख उलटल्यावर परत आली.

“पण तुझा पगार कमी आला तेव्हा काऊन नाई बोललास?” मला रागच आला.

तो जरा लाजला. “भाऊंनी तांदूळ देल्ला ना बाई. म्हणे, माझ्या नावानं तुझी मजुरी आली, मी का ठेवून घेऊ? नवा चिन्नोर, दोन कट्टे. ईदले अम्मीनं त्याचाच पुलाव केला.”

म्हणजे या दोघांनी आमचं सगळं खातं तांदळात मिटवून टाकलं होतं. कंपनीला न विचारता, फॉर्म न भरता. वासाच्या चिन्नोरची दोन पोती म्हटल्यावर माझ्या सिंदेवाहीच्या जिभेला पाणी सुटलं हे खरं, पण मी चेहरा कडकच ठेवला.

बडेबाबूंनी सगळं ऐकलं आणि चष्मा वर केला. “अरे, इतना क्या है? याचे दिवस जानेवारीत टाकून द्या ना. जानेवारीत याला काम तसंही कमी आहे, चौकोन रिकामे आहेत. पैसे मिळून जातील, किस्सा खतम.” आणि त्यांचा हात दौतीकडे जावा तसा व्हाइटनरकडे गेला.

“किस्सा त्याचाच खतम होईल,” मी म्हणाले. “पैसे जानेवारीच्या पगारात आले तरी चालतात. पण दिवस डिसेंबरातच बसले पाहिजेत. जानेवारीत टाकले तर ते नव्या वर्षात जातील. याला मजुरी मिळेल आणि हा बदलीचा बदलीच राहील.”

बदली माझ्याकडे आणि बडेबाबूंकडे आळीपाळीने बघत होता. बडेबाबू दिलदार होते, चूक कळली की मान्य करायचे. फक्त मान्य करायच्या आधी एक चहा घ्यायचे. चहा झाला. मग ते म्हणाले, “मग करा ऑडिटबाई, तुमच्या पद्धतीनं.”

माझी पद्धत म्हणजे फरकाचा फॉर्म. त्यावर चालू महिन्याची हजेरी नाही, मागच्या महिन्याची दुरुस्ती लिहायची: कोणाची, कोणत्या महिन्याची, किती दिवस, अधिक की वजा, कारण काय. दर त्या महिन्याचा. जानेवारीपासून महागाई भत्ता वाढला होता, पण डिसेंबरच्या दिवसांना डिसेंबरचाच भत्ता. भविष्य निर्वाह निधीचा हिस्साही त्याच प्रमाणात. हजेरीच्या मूळ रजिस्टरात लाल रेघ आणि मॅनेजरची सही. आणि साक्षीला दुसरा काहीतरी कागद. तो पंपघराच्या वहीत मिळाला. प्रत्येक पाळीला पंप कधी सुरू, कधी बंद, हे लिहून खलाशी सही करतो, तिथे या गड्याने उर्दू वळणाच्या मराठीत रोज स्वतःचीच सही केलेली होती. फोरमनसाहेबांनी चिठ्ठी आणून दिली, तिला अजून बुंदीचा वास होता.

पण एका नावापुढे अधिक मांडायचं तर दुसऱ्या नावापुढे वजा मांडावं लागतं. एका पंपावर, एका पाळीला, एका जागेसाठी दोन माणसांना मजुरी कशी देणार? तेव्हा भाऊंची सही हवी होती की त्या दिवसांत मी कामावर नव्हतो. आणि वजा नुसतं बोलायलाच सोपं असतं.

भाऊ दुसऱ्या दिवशी पाळी संपवून आले. गमछ्याने हात पुसत फॉर्म समोर घेतला, आणि वजाची खूण दिसताच मिशी हलली.

“हे काय होय?”

“भाऊ, ते डिसेंबरचे दिवस. तुमच्या पगारातून पुढच्या वेळी कापले जातीन, याले मिळतीन.”

“काऊन कापतीन? मी त्याले तांदूळ देलो ना!”

“तांदूळ कॉम्प्युटरले कसा दाखवू भाऊ?”

“मंग माझा तांदूळ परत द्या म्हणा.”

बदली बाजूलाच उभा होता. त्याने खाली बघत म्हटलं, “भाऊ, तो तं ईदलेच खतम झाला. तुमीच दोनदा पुलाव घेतल्ता.”

बडेबाबूंनी फाईल तोंडासमोर धरली. फाईल हलत होती. भाऊंनाही हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत अडवलं. बदली घाईघाईने म्हणाला की तांदळाचे पैसे मी माझ्या फरकातून तुम्हाले देतो. त्यावर मात्र भाऊ खरंच चिडले.

“तांदळाचे पैसे घेऊ? मी का दुकानदार हाओ? लेकराच्या ईदले देल्लो, ते देल्लो.”

मग माझ्या लक्षात आलं की अडलंय ते पैशांवर नाही. भाऊ फॉर्मवरचं एकच अक्षर परत परत बघत होते. मी सवयीने वजाच्या दिवसांपुढे ‘गै’ लिहिलं होतं, गैरहजर. त्यांनी तिथे बोट ठेवलं.

“इतकी वर्षं झाली, माझ्या नावापुढे हे नाई. मी फोरमनसाहेबाले विचारून गेलो. चोरून नाई गेलो. हे लिवाल तं मी सही नाई करत. त्याचं काही होवो.”

बदलीचा चेहरा एकदम उतरला. यादी दोन दिवसांत मॅनेजरकडे जाणार होती. भाऊंची सही नाही तर दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही तर दिवस नाहीत, आणि दिवस नाहीत तर पुढचं पूर्ण वर्ष पुन्हा दुसऱ्यांच्या आजारपणाची आणि मळणीची वाट बघत फाटकाशी उभं राहायचं. मला भाऊंचा राग येत होता आणि त्यांचं खरं आहे हेही दिसत होतं, आणि दोन्ही एकदम वाटणं फार गैरसोयीचं असतं.

मी फोरमनसाहेबांना बोलावून घेतलं. “साहेब, भाऊ तुम्हाले विचारून गेल्ते ना?”

“हो, विचारलं होतं.”

“मंग लिहून द्या. बिनपगारी रजा, तोंडी मंजूर.”

फोरमनसाहेब कुरकुरले. तोंडी मंजुरी कागदावर आणायला कोणालाच आवडत नाही. मी म्हटलं, साहेब, चिठ्ठी लग्नाला नेली ती कोणी, हेही मग कागदावर आणावं लागेल. त्यांनी लगेच पेन मागितलं. पेन द्यायला बडेबाबूंनी इतकी तत्परता आयुष्यात दाखवली नव्हती.

जुना फॉर्म फाडला नाही. त्या अक्षरावर लाल रेघ मारली, बाजूला ‘बिनपगारी रजा’ लिहिलं, सही केली. भाऊंनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, “सारे एकदम कापता का?”

“दोन पगारांत वजा टाकते. अर्धे आता, अर्धे पुढच्या महिन्यात.”

“बरं.” त्यांनी सही केली आणि पेन खाली ठेवता ठेवता पुन्हा उचललं. “थांबा. माझे किती कापता? आणि याले किती देता?”

मी सांगितलं. भाऊंनी मनात हिशेब केला, आणि मला जे ठाऊक होतं तेच झालं.

“माझे जास्त कापता, त्याले कमी देता. मधले कोण खाते?”

बडेबाबूंची फाईल पुन्हा वर गेली. मी समजावलं की भाऊ, तुमची नोकरी जुनी, तुमच्या पगारवाढी झालेल्या. तुम्हाला त्या दिवसांचे तुमच्या दराने मिळाले होते, तितकेच परत घेते. याचा दर बदलीचा, याला त्या दराने देते. मधले कोणी खात नाही, ते मुळात कोणाचेच नव्हते. भाऊंनी ते ऐकून घेतलं, पण पटलं नाही. पुढे कित्येक दिवस ते खाणीत सांगत होते की पगार विभागातल्या बाईंनी मधले मारले, आणि माझ्याकडे बघून डोळा बारीक करत होते.

फॉर्म मॅनेजरच्या सहीनिशी गेला. मी जीपच्या भरवशावर राहिले नाही. स्वतः एसटीने कॉम्प्युटर सेंटरला गेले. तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, डिसेंबरचा रन बंद झाला. पगार आता नाही मिळणार.” मी म्हटलं, “पगार मला आता नकोच. जानेवारीच्या पगारात फरक म्हणून द्या. फक्त वर्षाच्या हजेरीत हे दिवस डिसेंबरच्या खाली चढवा, आणि चढवलेले मला कागदावर दाखवा.” पगाराची खिडकी बंद झाली तरी हजेरीची नोंद योग्य महिन्यात दुरुस्त होते, हे त्याला माहीत होतं, फक्त कोणी विचारत नसे, कारण सगळ्यांना पैशांचीच घाई असे. त्याने मशीनवर करकरत कागद काढून दिला. ती सही-शिक्क्याची प्रत यादीला जोडली गेली.

फेब्रुवारीत पगार झाला. त्या वेळच्या पगाराच्या चिठ्ठ्या लांबट असत, अक्षरं फिकी, कडेला भोकं. भाऊ आणि बदली दोघे एकदमच खिडकीशी आले, जणू परीक्षेचा निकाल होता. मी आधी भाऊंची चिठ्ठी वाचून दाखवली. मागील महिन्याचा फरक, डिसेंबर, बिनपगारी रजा, वजा इतके. भाऊंनी ती हातात घेतली, दूर धरली, जवळ धरली.

“बाई, मी दरसाल धान मळलो,” ते म्हणाले. “पन सरकारी कागदावर पहिल्यांदाच आलं का हा मानूस घरी होता. बायकोले दाखवतो. ती म्हणत राह्यते, तुमी कधी घरी नसता म्हणून.” आणि त्यांनी वजा झालेल्या पगाराची चिठ्ठी मोठ्या आनंदाने घडी करून वरच्या खिशात ठेवली. इतक्या आनंदाने वजा घेणारा माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

बदलीची चिठ्ठी तशीच माझ्या हातात होती. यादी आदल्या दिवशी लागली होती आणि त्याचं नाव तीत होतं, हे त्याला माहीत होतं. पेढेही वाटून झाले होते. तरी तो थांबला होता. मी त्याला फरकाची ओळ दाखवली. अधिक, त्यापुढे रक्कम. त्याने रकमेकडे पाहिलं नाही. रकमेच्या डाव्या हाताला महिना छापलेला होता, त्याच्यावर त्याने अंगठा फिरवला. इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या जागेवर, दुसऱ्याच्या सुट्टीत, शेवटी तर दुसऱ्याच्या बिल्ल्यावर काम करत आला होता.

“बाई,” तो हळू आवाजात म्हणाला, “हे दिवस आता माझेच ना? कोणी वापस तं नाई घेनार?”

मी चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. भाऊ मागे वळले. त्यांनी त्याच्या खांद्यावर जोराची थाप मारली.

“कोन घेते?” ते म्हणाले. “मी सही देल्लो ना, का तू होतास म्हणून.”